विझतो कसा, ते बघा

(मुंबईतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात करण्याआधी हा इमर्जन्सी दिवा मी टेबलावर लावून ठेवतो. प्लग काढलेला आहे, म्हणजे बॅटरीवरच चाललाय. पाठचं झाकण मी उघडं ठेवलंय आणि बॅटरीच्या दोन टोकांना मीटर जोडलाय. दिवा लावायच्या आधी मीटर 6.3 व्होल्ट दाखवत होता. वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, आता किती दिसतंय? 5.9? बरं. अधूनमधून तुम्हाला विचारीन, चष्मा काढू नका. हा दिवा माझा नाही. आपल्याच एका सभासदांचा आहे आणि त्यांची तक्रार एका ओळीची आहे: ‘लाइट गेली की लागतो, पण टिकत नाही.’

आता तुमच्यापैकी निम्म्यांनी मनात म्हटलं असेल, बॅटरी गेली. मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं निदेशक होतो. मुलांना शिकवून शिकवून माझा घसा बसला, तरी हे ‘बॅटरी गेली’ काही बसलं नाही. लॅमिंग्टन रोडवर दिवा घेऊन जा. काउंटरवरचा मुलगा तो उघडतसुद्धा नाही, हातात घेऊन जरा वजन केल्यासारखं करतो आणि म्हणतो, ‘काका, बॅटरी गेली.’ डॉक्टरने नाडी न बघता सलाइन लावावं तसं. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा त्याचं खरं असतं. बॅटरी गेलेली असतेच. पण ती कुणी घालवली, हे तो विचारत नाही. माझं म्हणणं आज एवढंच आहे.

थोडं घरचं सांगतो, कारण या बाबतीत मीच मूर्ख ठरलोय. गिरगावात आमची जुनी चाळ. जिना असा, की भर दुपारी पायरी पायाने चाचपावी लागते. तुम्हाला 12 ऑक्टोबर 2020 आठवत असेल. सोमवार, सकाळी दहाचा सुमार आणि सगळ्या मुंबईची लाइट गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी शहराने स्वतःच्या विजेवर तग धरावा अशी आपल्याकडे योजना आहे, त्या दिवशी तिनेही मान टाकली. आमच्या जिन्यात मी मोठ्या अभिमानाने सहा व्होल्टचा दिवा टांगला होता. झटकन लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘मास्तर, तुम्ही आहात म्हणून.’ त्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दिवा पिवळा पडला, चार मिनिटांत गेला. अंधारातून आवाज आला, ‘मास्तर, आहात ना?’

मी काय केलं? मुलांना जे करू नका म्हणून सांगितलं, तेच. मीटर न लावता नवी बॅटरी आणली. सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवर, सीलबंद, शिशाची. घालून बघितली, तीन तास चालला. मी बंद करून परत टांगला. लाल दिवा पेटला होता, म्हणजे चार्ज होतंय, मी निवांत. पुढच्या वर्षी वायरिंगच्या कामासाठी मेन स्विच पाडला, तर सहा मिनिटांत पुन्हा पिवळा. पुन्हा बॅटरी. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, ‘आता जिन्यात समईच लावा.’ तेव्हा कुठे खाली बसलो.

त्या बैठकीत काय झालं ते नीट ऐका. बॅटरी काढून ठेवली, प्लग लावला आणि चार्जरच्या मोकळ्या टोकांवर मीटर धरला. 8.7 व्होल्ट. उत्तम! चार्जर ठणठणीत, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग बॅटरी जोडली. प्लग बंद असताना बॅटरीवर 5.9. प्लग चालू केला, 5.9. चहा पिऊन आलो, 5.9. चार्जर जर खरोखर बॅटरीत काही ओतत असेल, तर आकडा हळूहळू का होईना, वर सरकायला हवा. इथे नळ सोडलाय, पाण्याचा आवाज येतोय आणि बादली कोरडीच.

बोर्ड उलटा केला. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि त्यापुढे विजेची धार आवरणारा पांढरा, जाडजूड रेझिस्टर. त्याच्याखाली बोर्ड तपकिरी भाजलेला. हा रेझिस्टर रोज तापतो आणि निवतो. त्याच्या एका पायाच्या सोल्डरच्या डागाभोवती केसाएवढी गोल चीर पडली होती. प्लास्टिकच्या पेनाने रेझिस्टर दाबला, तर मीटर 5.9 वरून 6.2 वर उडी मारून गेला. सोडला की परत खाली. डाग सुटलेला. मोकळ्या टोकांवर 8.7 दिसत होते, कारण मीटरला वीज लागते अगदी नगण्य, ती चिरेतूनही झिरपते. बॅटरीला लागते अर्ध्या-पाव अँपिअरची धार, ती तिथून जात नाही. आणि लाल दिवा? त्याची वायर रेझिस्टरच्या आधीच निघालेली. प्लगमध्ये वीज आहे, एवढीच ग्वाही तो देतो. बॅटरी भरतेय की नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. नव्याने डाग दिला, रात्रभर ठेवला, सकाळी 6.8. हिशेब करा: तीन बॅटऱ्या आणि मुगाएवढं सोल्डर.

मग नव्या बॅटऱ्या मेल्या कशाने? दुकानातून भरून आलेली पहिली शिदोरी त्यांनी वापरली. परत भरायला कुणी नव्हतं, म्हणून तशाच उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने टांगून राहिल्या. उतरलेल्या शिशाच्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट धरतं. ताजं असेल तर चार्ज करताना विरघळतं, पाकातल्या साखरेसारखं. तेच महिनोन् महिने राहिलं की खडीसाखर होते, मग कितीही चार्ज करा, सगळं सुटत नाही. इथे मुंबईचं एक वैशिष्ट्य आहे. गावाकडे बॅटऱ्या राबून मरतात. आपल्याकडे लाइट क्वचित जाते, त्यामुळे दिव्यातला बिघाड वर्षभर कुणाला दिसतच नाही. म्हणून तर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आजींनी तुमचा वेळ खाल्ला, मी नाही. वहिनी, किती? 5.6. लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं, भराभर. तीन संशयित: बॅटरी, चार्जर आणि दिव्याला वीज पुरवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर. तिघांना एकच नियम: मोकळं मापलेलं व्होल्टेज साक्षीला घेऊ नका. चार्जर बॅटरी जोडून मापा, बॅटरी दिवा लावून मापा, ड्रायव्हरला चांगली बॅटरी देऊन बघा.

सहा व्होल्टच्या दिव्याला प्लग लावा आणि आकडा बघत बसा. जागचा हललाच नाही, तर चार्जरकडे जा. पाच-दहा मिनिटांतच सात-सव्वासातवर चढला आणि प्लग काढून दिवा लावताच धाडकन कोसळला, तर बॅटरीत खडीसाखर आहे. लहान तांब्या लवकर भरतो आणि लवकर रिता होतो. रात्रभरात सावकाश 6.8-6.9 ला पोचला, म्हणजे चार्जर आणि बॅटरी दोघंही बहुधा निर्दोष. आणि दोन दिवसांनीही साडेसातच्या वर राहत असेल, तर चार्जर जास्त देतोय. अशा बॅटऱ्या आतून सुकतात, कडेने फुगतात. तिथे नवी बॅटरी घालणं म्हणजे तिलाही तव्यावर टाकणं.

हे सगळं आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या दिव्यांपुरतं. भिंतीत खोचायचे हलके, स्वस्त दिवे असतात, त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवर भागवलेलं असतं. त्यांचा बोर्ड थेट मेन्सला बांधलेला, प्लग लावून आत हात घातलात तर झटका बसेल, जिवावर बेतेल. तिथे चार्ज करण्याआधी बॅटरी मापायची, आणि रात्रभर चार्ज झाल्यावर प्लग काढून, तासभर थांबून पुन्हा. आकडा वाढला नसेल, तर बॅटरीत काही गेलेलंच नाही किंवा तिने काही धरलं नाही. दुसरी चांगली बॅटरी घालून हाच प्रयोग केला की दोघांतला कोण ते कळतं.

ड्रायव्हरला मी अर्धं भाषण देणार होतो, आता दोनच गोष्टी. दिवा हळूहळू मंद होत गेला तर बहुधा बॅटरी उपाशी आहे. पण झपकन गेला आणि मिनिटाभराने आपोआप परत लागला, तर लोक हमखास ड्रायव्हरवर शिक्का मारतात. इथे चूक होते. बऱ्याच दिव्यांत बॅटरी पार उतरू नये म्हणून 5.3 व्होल्टच्या आसपास दिवा तोडणारी सोय असते. भार सुटला की थकलेली बॅटरी जरा दम घेऊन वर येते, दिवा परत लागतो, परत जातो. तापून बंद पडणारा ड्रायव्हरही हुबेहूब असंच नाटक करतो. म्हणून विझण्याच्या क्षणी बॅटरीवर किती व्होल्ट होते, एवढंच बघायचं. 5.3 च्या आसपास असतील तर बॅटरी. 6.2 असताना गेला, तर बॅटरी निर्दोष सुटली, दोष पुढे आहे. मात्र ड्रायव्हर बदलण्याआधी तेच व्होल्टेज बोर्डावर जिथे वायर शिरते तिथे मापा. बॅटरीवर 6.2 आणि बोर्डावर 5, असं आढळलं तर मधल्या क्लिपवर पांढरा-हिरवा क्षार जमलेला सापडेल. पॉलिश पेपरने घासा, काम झालं.

गेला? गेला ना दिवा! वहिनी, चटकन, विझला तेव्हा किती? 5.3. आणि आता? 5.5... 5.7... वर येतंय. थांबा, कुणी हात लावू नका, ट्यूबलाइट बंद करा जरा. बघा, लागला परत.

ज्यांचा दिवा आहे ते कुठे बसलेत? काका, बॅटरी उतरलीय हे आता सगळ्यांनी बघितलं, पण नवी आजच विकत घेऊ नका. मघाशी नुसतं लावताच 6.3 ची 5.9 झाली, तेव्हा तिचं काही खरं दिसत नाही. तरी आज रात्री प्लग लावा, दहा मिनिटांनी आणि सकाळी आकडा लिहून ठेवा आणि उद्या मला फोन करा.