उंदीर चावला, आता इंजेक्शन कुणाला?

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की उंदीर घरात येतात, आणि मग सकाळी कुणीतरी दवाखान्यात सांगतं, रात्री उंदरानं कुरतडलं. आज त्याबद्दलच बोलूया. एक घर डोळ्यासमोर आणा, आजोबा सत्तरीचे, दहा-बारा वर्षं शुगर आहे, खाली सतरंजीवर झोपतात, आणि शेजारी दोन वर्षांचा नातू. सकाळी सूनबाई चादर उचलते तर रक्ताचे डाग. आजोबांच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाची कातडी गेलेली, आणि नातवाच्या बोटावर दोन बारीक दात उमटलेले.

आजोबांना काहीच कळलं नाही. आपल्याकडे म्हणतात ना उंदीर फुंकर घालून चावतो म्हणून कळत नाही, तसं काही नसतं हो. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे कुरतडलं तरी जाग येत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाचंही तसंच. आणि पोरगं रात्री दूध पिऊन तसंच झोपलेलं, हाताला-तोंडाला वास, उंदीर वासावर येतो. म्हणून लहान मुलांना जास्त करून बोटं, ओठ, नाक असं चावलेलं दिसतं.

आता पहिलं काम धुणं, आणि ते दवाखान्यात जायच्या आधी घरीच. वाहतं पाणी आणि साधा अंगाचा साबण, पंधरा मिनिटं. नळ नसेल तर कुणीतरी तांब्यानं सारखं पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं फेस करून हलक्या हातानं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ बघून, कारण आपण दोन मिनिटांतच झालं म्हणतो. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. जखम पिळायची नाही, आणि हळद, चुना, तंबाखू, तिखट यातलं काहीही भरायचं नाही, उंदराचे दात बारीक पण खोल जातात, वरून लेप बसला की घाण आतच कोंडते. धुतल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावा. आणि आजोबांचा पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू नका प्लीज, बधिर पायाला चटका कळत नाही, उंदराची जखम राहते बाजूला आणि भाजल्याचीच जखम मोठी होते.

मग दोघांना दवाखान्यात न्या, नातवाचं लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. तिथे पहिला प्रश्न धनुर्वाताचा. याचे जंतू मातीत, शेणात असतात, आणि ही जखम मळलेलीच धरायची. नातवाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेत, दीड वर्षाचा बूस्टरही झालाय, म्हणजे शेवटच्या डोसला पाच वर्षं झालेली नाहीत, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन लागत नाही. उगाच पोराला टोचायला लावू नका. आजोबांचं उलटं. आजीला निदान गरोदरपणी टीटी मिळालेलं असतं, आजोबांना कधी काय दिलं कुणालाच आठवत नाही. तीन डोस पूर्ण झाल्याची खात्री नसेल तर मळलेल्या जखमेला लस, हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात ती, आणि शिवाय तयार अँटिबॉडीचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शन दुसऱ्या जागी. कारण लसीनं शरीर स्वतःची अँटिबॉडी बनवायला वेळ घेतं, तोवर हे दुसरं सांभाळतं. लसीचा पुढचा डोस साधारण महिन्यानं आणि तिसरा सहा महिने ते वर्षानं, तो बहुतेक लोक चुकवतात. दोन दिवस उशीर झाला म्हणून काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नका, उशिरा का होईना घ्यायचंच.

रेबीजचं विचाराल तर घरातल्या उंदरापासून तो होणं फार क्वचित, त्यामुळे त्या इंजेक्शनांची सहसा गरज पडत नाही. पण चावलं ते उंदीरच होतं का हे कुणी पाहिलं नसेल, मुंगूस, मांजर, काहीही असू शकतं, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ठरवू दे त्यांना.

आजोबांचा अंगठा मात्र रोज उजेडात बघायचा, त्यांना दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही. लाली पसरतेय, सूज, पू, वास, काळपट रंग, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. शुगरच्या पायात असं इन्फेक्शन हाडापर्यंत जाऊ शकतं, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा सुरुवातीलाच अँटिबायोटिक देतात.

आणि एक, जखम भरून आली आणि मग ताप आला तर? उंदीर चावल्यावर येणारा वेगळा ताप असतो, बहुतेकदा तीन ते दहा दिवसांत, थंडी वाजून, सांधे दुखतात, तळहात-तळपायावर पुरळ येतं. त्याचाच दुसरा प्रकार एक ते तीन आठवड्यांनी येतो, त्यात भरलेली जखम पुन्हा सुजते, जांघेत किंवा काखेत गाठ येते. पावसाळ्यात हे सगळं डेंग्यू-चिकनगुनियासारखंच वाटतं, आणि उंदराची गोष्ट घरचे विसरलेले असतात. औषध साधं आहे, पेनिसिलिन, फक्त डॉक्टरांना कळलं पाहिजे की महिन्याभरात उंदीर चावला होता, तेव्हा केस पेपर काढतानाच ते सांगा.