घनपाठी नेमकं काय जाणतो?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘अर्थ न कळता पाठ केलं म्हणजे पोपटपंची’ हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो. आज मला त्याच्या विरुद्ध बाजूनं बोलायचं आहे, आणि त्यासाठी ऋग्वेदाचे पहिले तीनच शब्द पुरेत : अग्निमीळे पुरोहितं.

पाठशाळेत संथा मिळते तेव्हा गुरुजी एक तुकडा म्हणतात, विद्यार्थी तो त्याच सुरात परत म्हणतो. आधी संहिता येते, म्हणजे सलग मंत्र. मग पदपाठ : अग्निम्, ईळे, पुरःऽहितम्. ही फोड शाकल्यांची मानली जाते. त्यानंतर क्रम, म्हणजे दोन-दोन शब्दांची साखळी : अग्निमीळे, ईळे पुरोहितम्. पुढे जटा, म्हणजे तीच जोडी सरळ, उलटी आणि पुन्हा सरळ, आणि शेवटी घन. तो ज्याला येतो तो घनपाठी. घनात शब्द असे फिरतात : एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. म्हणजे तीन शब्दांसाठी तेरा उच्चार. ऐका :

अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे पुरोहितं पुरोहितमीळेऽग्निमग्निमीळे पुरोहितम्.

आता ‘ईळे’ या एका शब्दाकडे लक्ष द्या. त्याच्यापुढे पुन्हा ‘ईळे’ आला की शेवटचा एकार जाऊन ‘ईळ’ उरतो. पुढे ‘अग्निम्’ आला की त्याचा अकार गिळला जाऊन ‘ईळेऽग्निम्’ होतं. स्वरही बदलतो. ‘अग्निमीळे’ म्हणताना ‘मी’ वर उचलला जातो आणि ‘ळे’ सपाट राहतो. शब्द उलटले, की तोच ‘ळे’ खाली उतरतो, कारण त्याच्या लगेच पुढे ‘ग्नि’ हे उदात्त, म्हणजे मुख्य स्वराचं, अक्षर उभं आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नियमाचं सूत्र माहीत नसतं, पण नियम त्याच्या गळ्यात बसलेला असतो. उलटा क्रम मूळ मंत्रात कुठेच नाही. तो घडवायचा तर संधी आणि स्वर यांचं गणित त्याला दर वेळी बरोबर सोडवावं लागतं. याला मी ज्ञानच म्हणेन.

चूक कशी पकडली जाते तेही इथेच दिसतं. समजा, कुणी ‘पुरोहितम्’ऐवजी ‘पुरोहितः’ म्हणू लागला. उलटताना ‘पुरोहितमीळे’च्या जागी ‘पुरोहित ईळे’ असं ऐकू येईल. मधला मकार गेला, हे शेजारी बसलेल्याला तत्क्षणी कळतं. सरळ पाठात एकदाच लपून गेली असती ती चूक घनात पुन्हा पुन्हा उघडी पडते.

कुराणाच्या हिफ्झची, म्हणजे ते सगळं तोंडपाठ करण्याची, वाट निराळी आहे. तिथे अल्लाहच्या वचनाचे शब्द उलटसुलट फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. असं पाठ करणाऱ्या हाफिजला खरी भीती असते ती सारख्या दिसणाऱ्या आयतींची. दुसऱ्या सूऱ्याच्या, म्हणजे अध्यायाच्या, बासष्टाव्या आयतीत ‘वन्नसारा वस्साबिईन’ असे शब्द येतात, तर पाचव्या सूऱ्याच्या एकोणसत्तराव्या आयतीत ‘वस्साबिऊन वन्नसारा’. क्रम उलटा, शेवटही वेगळा. इथे जीभ घसरली, तर हाफिज न कळत एका सूऱ्यातून दुसऱ्यात जातो आणि पुढचं सगळं बिनचूक, पण भलत्याच ठिकाणचं म्हणत राहतो. म्हणून रोजच्या नव्या सबकाबरोबर, म्हणजे धड्याबरोबर, आमुख्ता, म्हणजे मागचं पाठ केलेलं, ऐकवावंच लागतं. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमाम तोंडपाठ म्हणत असतो, तेव्हा मागच्या रांगेत दुसरा हाफिज, सामे, लक्ष देऊन उभा असतो. इमाम अडखळला की तो पुढचा शब्द देतो. याला लुक्मा देणं म्हणतात. घनपाठात चूक पकडण्याची सोय पाठाच्या रचनेतच आहे. इथे ती मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कानात आहे. शिवाय हिफ्झ मुलीही करतात. वेदपाठाची दारं मात्र स्त्रियांना आणि बहुसंख्य समाजाला शतकानुशतकं बंद राहिली. या अचूकतेचं कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणं मला मान्य नाही.

या अचूकतेला एक मर्यादाही आहे. गायत्री मंत्र घ्या. या छंदात प्रत्येक चरणाला आठ अक्षरं लागतात. ‘तत्सवितुर्वरेण्यं’ मोजून पाहा, सातच भरतात. ‘वरेणियं’ म्हटलं की आठ होतात. मंत्र रचणाऱ्याच्या तोंडी बहुधा तेच असणार. संहिता बांधली गेली तेव्हा संधीचे नियम सरसकट लागले आणि एक अक्षर आत दबलं. घनपाठ सांभाळतो ती ही बांधली गेलेली संहिता, त्याआधीचा उच्चार नव्हे. जुन्या पंडितांना हे कळलं नव्हतं असं मुळीच नाही. अक्षर कमी पडलं तर संधी सोडवून छंद भरून काढावा, असं ऋक्प्रातिशाख्य या ऋग्वेदाच्या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथात सांगितलेलं आहे. मोजणीपुरतं त्यांनी ते केलं, पण पारायणाच्या पाठात अक्षर घातलं नाही.