प्लॉटसमोरचं मैलापाणी आणि एका पानाचा अर्ज

[दृश्य : मोकळ्या प्लॉटसमोरचा रस्ता. चेंबरच्या झाकणाच्या कडेनं काळं पाणी बाहेर येतंय.]

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही कॉलनी. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरोघरी टाक्या भरतात, साचलेले कपडे धुवायला निघतात, आणि दुपार व्हायच्या आत अकरा नंबरच्या प्लॉटसमोरचं चेंबर वाहू लागतं. मैलापाणी रस्त्यावरून प्लॉटमध्ये उतरतं. खाली काळी माती. ती एकदा भिजून फुगली की पाणी जिरू देत नाही, म्हणून डबकं हटत नाही.

रहिवाशांनी याआधी एक अर्ज दिला होता. ‘दुर्गंधी पसरली आहे, आरोग्य धोक्यात आले आहे, तातडीने कार्यवाही व्हावी.’ सक्शनची गाडी आली, साचलेलं पाणी ओढून घेऊन गेली. वरून टीसीएल पावडर मारली. पुढच्या पाण्याच्या दिवशी डबकं पुन्हा भरलं.

[दृश्य : रस्त्यावर खडूनं काढलेली ड्रेनेज लाइन, ओळीनं तीन चेंबर.]

पाणी जिथं वर येतं, तिथं चोकअप नसतं. ते उताराच्या बाजूला, पुढं असतं. अकरा नंबरसमोरचं चेंबर काठोकाठ भरलेलं आहे आणि त्याच्या पुढचं, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाजवळचं, जवळजवळ कोरडं. म्हणजे लाइन या दोन चेंबरच्या मधे तुंबली आहे. कधी गाळ आणि कापड अडकतं, कधी काळी माती फुगून-आकसून पाइपचा सांधा खचतो आणि त्या खोलगट जागी गाळ धरतो. सक्शननं भरलेलं चेंबर रिकामं होतं, पाइपातला बोळा तिथंच राहतो. त्याला जेटिंग मशीन लागतं. त्याचा पाइप खालच्या कोरड्या चेंबरमधून वर चढवतात. पाण्याचा मारा गाळ मागं, त्याच चेंबरमध्ये आणतो आणि तिथून तो सक्शननं उचलतात.

झाकण मात्र रहिवाशांनी उघडू नये. आत विषारी वायू साचलेला असतो. खालचं चेंबर कोरडं आहे हे झाकणाच्या भोकातून किंवा फटीतून, लांबूनच, दिसतं तेवढं पाहावं.

[दृश्य : डबक्यातून जाणारा नळजोडणीचा पाइप, जवळून. सांध्याला गुंडाळलेली रबराची पट्टी.]

नव्या अर्जातली सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे डबक्यातून जाणारा हा नळाचा पाइप. सात दिवस हा पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात दाब नसतो, आणि पाणी बंद होताना तर आत ओढ तयार होते. सांधा गळका असेल तर बाहेरचं मैलापाणी त्यातूनच आत शिरतं आणि पुढच्या वेळी पहिल्या धारेबरोबर माठात येतं.

आता नवा अर्ज.

[आवाज : अर्जाचं वाचन, सावकाश.]

‘प्रति, मा. मुख्याधिकारी, नगर परिषद. विषय : प्लॉट क्रमांक ११ समोरील ड्रेनेज लाइनमधील चोकअप तातडीने काढणे व नळाच्या पाण्याची तपासणी करणे.

महोदय, प्लॉट क्रमांक ११ समोरील चेंबर तीन आठवड्यांपासून, पाणीपुरवठ्याच्या दिवशी, ओसंडून वाहते. कोपऱ्यावरील विजेच्या खांबाजवळचे पुढील चेंबर कोरडे आहे. साचलेले पाणी अंदाजे १८ फूट लांब, ९ फूट रुंद व ४ इंच खोल असून चार घरांच्या नळजोडण्या त्यातून जातात. तरी पुढील पाणीपुरवठ्याच्या आत या दोन चेंबरमधील लाइन जेटिंग मशीनने साफ करावी, गळके सांधे बदलावेत आणि पाणी येईल त्या दिवशी चारही नळांच्या पाण्याची ओटी टेस्ट करावी. कोणाही कर्मचाऱ्यास चेंबरमध्ये उतरवू नये, ही विनंती.’

ओटी टेस्टमध्ये पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंगच आला नाही, तर त्या चार घरांनी पाणी उकळूनच प्यावं आणि नमुना जीवाणू तपासणीला पाठवायला सांगावं. शेवटच्या विनंतीला कायद्याचा आधार आहे : सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे.

[दृश्य : आवक-जावक टेबल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडतो.]

अर्जाच्या दोन प्रती. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पुढची प्रत्येक विचारणा त्याच क्रमांकानं होते. एक प्रत पाणीपुरवठा विभागालाही द्यावी. ड्रेनेजचे लोक नळाच्या सांध्याला हात लावत नाहीत, ते काम त्या विभागाचं.

गाडी येऊन गेली म्हणजे काम झालं असं धरू नये. पुढच्या पाण्याच्या दिवशी दुपारी खांबाजवळच्या चेंबरपाशी कान द्यावा. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत असेल आणि अकरा नंबरसमोरचं झाकण कोरडं असेल, तर लाइन मोकळी झाली. झाकण पुन्हा ओलं झालं तर बहुधा पाइप खचला आहे. मग जेटिंग पुरत नाही, तेवढा तुकडा खोदून नव्या उतारानं टाकावा लागतो. जुना आवक क्रमांक लिहून त्या कामाची मागणी करावी.