ब्लाऊजची बाही आणि सहा जीबी

नमस्कार. समोर निम्मे फोटोग्राफर दिसताहेत आणि निम्मे साड्यांच्या धंद्यातले, त्यामुळे मास्क म्हणजे फोटोतला बदलायचा भाग रंगवून दाखवणं आणि इनपेंटिंग म्हणजे तेवढाच भाग कॉम्प्युटरकडून नव्याने काढून घेणं, याच्या खोलात आज जात नाही. ‘फोटोतले कपडे बदलायला घरच्या कॉम्प्युटरवर कोणतं एआय मॉडेल चालवावं’ असा विषय फळ्यावर लिहिलाय. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी एक खदखद बाहेर काढू द्या, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्याच खड्ड्यात बसलेले असणार.

माझ्या ओळखीतल्या एका साडीवाल्यांनी लॅपटॉप घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांनी मला अजून चहा पाजायचा आहे. विकणाऱ्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. तिथे GPU Memory समोर आकडा होता १३.९ जीबी. हे खूश. घरी आले, इंटरनेटवर वाचलं की अमुक मॉडेलला बारा जीबी लागतात, आपल्याकडे तर चौदा आहेत, म्हणून ते उतरवून घेतलं. चालवलं. चाललं! हीच तर गंमत आहे, बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ब्लाऊजचा एक फोटो सुरू करून ते जेवायला गेले, जेवून आले, थोडी डुलकी काढली, आणि अजून पडद्यावरची काम किती झालं दाखवणारी पट्टी अर्ध्यावर. मग मला फोन, “अहो, मशीन खराब निघालं.”

मशीन ठणठणीत होतं. त्याच पडद्यावर, त्या आकड्याच्या जवळच, दोन ओळी असतात. Dedicated GPU memory ६ जीबी आणि Shared GPU memory ७.९ जीबी. पहिली म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची खरी मेमरी. दुसरी म्हणजे तुमची साधी रॅम. लॅपटॉपला सोळा जीबी रॅम असेल तर विंडोज त्यातली जवळपास निम्मी ‘वेळ पडली तर वापर’ म्हणून कार्डाच्या नावावर दाखवतं. दोन्हींची बेरीज करून वर मोठ्या अक्षरांत १३.९. स्वयंपाक ओट्यावर होतो, कोठीच्या खोलीत नाही. आणि प्रत्येक चिमूट मीठ आणायला कोठीत जायचं म्हटलं तर पोहे व्हायला संध्याकाळ होईल. विकणाऱ्याने ओटा आणि कोठी मिळून एकच स्वयंपाकघर मोजून दाखवलं होतं.

(हशा)

हसू नका, विकणारा खोटं बोलला नाही. पडद्यावर होतं तेच वाचून दाखवलं. म्हणूनच जास्त राग येतो.

पूर्वी असं व्हायचं नाही. कार्ड भरलं की प्रोग्रॅम सरळ ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून बंद पडायचा. २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये एक सोय आली: कार्ड भरलं की उरलेलं गुपचूप रॅममध्ये ढकलायचं. मग काम बंद पडत नाही, फक्त सेकंदांचं काम मिनिटांवर जातं. ओळखायचं कसं? टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि चित्र सुरू करा. Dedicated चा आलेख छताला टेकला आणि त्याच वेळी Shared चा आलेख वर चढायला लागला, की समजा गळती सुरू झाली. कमांड प्रॉम्प्टचा काळा पडदा आवडत असेल तर तिथे हे लिहा, दर सेकंदाला आकडा दिसेल:

```
nvidia-smi -l 1
```

आणि ही सोय बंद करता येते. NVIDIA Control Panel मध्ये Manage 3D settings, तिथे CUDA - Sysmem Fallback Policy, आणि त्यात Prefer No Sysmem Fallback. यानंतर मशीन पुन्हा पूर्वीसारखं तोंडावर नाही म्हणेल. माझ्या मते हे प्रत्येकाने आज घरी जाऊन करावं. नाही म्हणणारं मशीन बरं. हो म्हणून रात्रभर ताटकळत ठेवणारं नको.

आता हिशेब. मॉडेलचा आकार पॅरामीटरमध्ये, म्हणजे शिकताना त्याने साठवलेल्या आकड्यांच्या संख्येत सांगतात, आणि एरवी एका पॅरामीटरला दोन बाइट लागतात. शंभर कोटी बाइट म्हणजे साधारण एक जीबी. स्टेबल डिफ्यूजन १.५ चा मुख्य भाग ८६ कोटींचा, म्हणजे १.७ जीबी. त्याच घरातलं मोठं मॉडेल एसडीएक्सएल २६० कोटी, म्हणजे पाच जीबीच्या थोडं वर. फ्लक्स नावाच्या मॉडेलची पहिली आवृत्ती १२०० कोटी, म्हणजे चोवीस. हे फक्त वजन झालं. प्रत्यक्ष काम करायला वर जागा हवीच, आणि ब्राउझर उघडा असेल तर विंडोज आणि ब्राउझर मिळून आपला वाटा आधीच उचलून बसलेले असतात. म्हणजे सहा जीबीच्या कार्डात एसडीएक्सएल कसंबसं शिरतं, पण हात हलवायला जागा उरत नाही. मग प्रोग्रॅम त्याचे तुकडे रॅममध्ये ठेवून आळीपाळीने आणतो. चालतं, पण मंद.

इथे सगळे म्हणतात, “मग मोठं कार्ड घ्यायला हवं.” आणि इथेच मला आजचं मुख्य सांगायचं आहे. कपड्याच्या कामात मॉडेल किती मोठं, यापेक्षा कपड्याच्या वाट्याला किती पिक्सेल आले, हे जास्त महत्त्वाचं.

त्याच साडीवाल्यांचा फोटो घेऊ. उभा फोटो, ४००० बाय ६००० पिक्सेल. बाई पैठणीत, डोक्यापासून पायापर्यंत. ब्लाऊजची बाही आखूड आहे, ती कोपरापर्यंत करून दाखवायची. बाह्यांसकट ब्लाऊजचा भाग आहे ९०० बाय ८०० पिक्सेल. यांनी काय केलं, तर पूर्ण फोटो ५१२ रुंदीवर आणून मॉडेलला दिला. म्हणजे सगळंच पावणेआठपटीने लहान झालं. ब्लाऊज उरला ११५ बाय १०२. आणि ही मॉडेलं पिक्सेलवर काम करत नाहीत. चित्र आधी आठपटीने आणखी दाबून घेतात. म्हणजे त्या ब्लाऊजच्या नशिबी आल्या १४ बाय १३ घरं. एवढ्यात मुंढ्याची शिवण, बाहीची पट्टी, रेशमाची चमक सगळं मावायचं. जगातलं कितीही मोठं मॉडेल आणा, तिथे चिखलच होणार.

आता तेच दुसऱ्या रीतीने. ब्लाऊजच्या चारही बाजूंना शंभर-शंभर पिक्सेल सोडून तेवढाच तुकडा कापायचा: ११०० बाय १०००. तो ७०४ बाय ६४० करून मॉडेलला द्यायचा, आणि झालेला भाग मोठा करून मूळ फोटोत परत बसवायचा. आता ब्लाऊजला मिळाली ७२ बाय ६४ घरं. पंचवीसपट. मॉडेल तेच, जुनं, १.७ जीबीवालं. कार्डही तेच. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये हे एका खुणेवर होतं: Inpaint area मध्ये Only masked निवडायचं आणि खाली padding वाढवायचं. आपोआप मिळणारं padding ३२ असतं, ते कमी पडतं. मॉडेलला गळा, दंड, पदराची कड दिसली नाही तर प्रकाश कुठून येतोय हे त्याला कळत नाही, आणि बाही दुसऱ्याच खोलीत काढलेल्या फोटोतली वाटते.

“मग ७०४ कशाला, पूर्ण ११०० च द्या ना,” असा प्रश्न येईलच. १.५ ची शिकवणी ५१२ च्या चित्रांवर झालेली आहे. ७६८ च्या फार पुढे गेलात की त्याला एकाऐवजी दोन गळे सुचायला लागतात. मोठा तुकडा हवा असेल तर एसडीएक्सएल. ते १०२४ साठीच बनलंय.

एक बाजूची गोष्ट. फोटोतल्या बाईंना विचारलंय का, की तुमचे कपडे बदलून आम्ही कॅटलॉगमध्ये लावणार आहोत? मॉडेलिंगचे पैसे दिले म्हणजे सगळं मिळालं असं नाही. काय बदलणार ते लिहून द्या आणि तेवढंच बदला. आणि नुसता रंग बदलायचा असेल तर कृपा करून यातलं काहीच वापरू नका. गिंप घ्या, ब्लाऊज निवडा, रंगछटा फिरवा. विणीतला धागा न् धागा जागेवर राहतो आणि चार जीबीचं कार्डही लागत नाही.

घड्याळ दाखवू नका, दिसतंय. मास्कबद्दल एकच सांगतो. साडीवाल्यांनी मास्क फक्त होत्या त्या बाहीवर रंगवला आणि खाली लिहिलं ‘कोपरापर्यंत बाही’. होणार कशी? नवं कापड जिथे यायचंय तो उघडा दंडही मास्कमध्ये हवा, कोपराच्या थोडं खालपर्यंत. दुसरं म्हणजे डीनॉइज, मूळ चित्र किती पुसून नव्याने काढायचं ते सांगणारा शून्य ते एकमधला आकडा. पोत बदलायचा असेल तर ०.५ च्या आसपास पुरे. आकार बदलायचा असेल तर ०.९ च्या पुढे. मधेच ०.६ वर ठेवलंत तर मॉडेल खालची त्वचा पूर्ण पुसत नाही, आणि त्वचेच्या रंगाची बाही मिळते. तशी बाही दिसली की शब्द बदलत बसू नका, हा आकडा वाढवा. साधं मॉडेल ०.९ वर बिचकतं, म्हणून १.५ ची खास इनपेंटिंगसाठी शिकवलेली आवृत्ती घ्या. आकार जवळपास तोच, आणि मास्कबाहेरचं चित्र ती वेगळं वाचते, त्यामुळे सांधा जुळतो.

आणि पैठणीचे काठ-पदर मास्कमध्ये कधीही घेऊ नका. मॉडेल मोर काढेल, पण तो तुमच्या मागावरचा मोर नसेल, आणि गिऱ्हाईक साडी परत आणेल.

आता फळ्यावरचं, पटापट. चार ते सहा जीबी: १.५ ची इनपेंटिंग आवृत्ती, कापलेला तुकडा, बस. आठ जीबी: एसडीएक्सएल, १०२४ चा तुकडा. सगळ्या पायऱ्या पूर्ण होऊन शेवटच्या क्षणी मेमरी संपली असं झालं, तर दोष मॉडेलचा नाही. दाबलेलं चित्र परत उलगडताना एकदम जागा लागते. तिथे Tiled VAE लावा, उलगडणं तुकड्यातुकड्याने होतं. बारा जीबी: फ्लक्स, पण एका पॅरामीटरला दोन बाइटांऐवजी चार बिटांत आवळलेलं, साधारण सात जीबीचं. आठ बिटांचं एकटंच बारा जीबीच्या आसपास जातं, कामाला जागा उरत नाही, म्हणजे पुन्हा ते कोठीचं प्रकरण. फ्लक्सचा मजकूर वाचणारा भाग वेगळा आणि स्वतःच नऊ जीबीच्या पुढे असतो, पण त्याचं काम सुरुवातीला एकदाच, त्यामुळे तो बिनधास्त रॅममध्ये ठेवा. परवाना वाचून घ्या, ‘डेव्ह’ आवृत्ती बिगरव्यावसायिक अटींवर दिलेली आहे आणि तुमचं दुकान आहे.

फ्लक्स कॉन्टेक्स्टबद्दल मघाशी कोणीतरी चिठ्ठी दिली होती. हो, त्यात मास्क लागत नाही, ‘बाही लांब कर’ लिहिलं की करतं. पण ते पूर्ण चित्र नव्याने काढतं, म्हणजे बाईंचा चेहरा आणि पदराचा मोरही जरासा हलतो. शिवाय मूळ फोटो सतत समोर ठेवून काम करत असल्याने मेमरी आणि वेळ दोन्ही जास्त. वापरलंत तर आलेल्या चित्रातली फक्त बाही उचला आणि मूळ फोटोवर बसवा. बाकी प्रश्न बाहेर चहापाशी विचारा, पुढचे वक्ते केव्हाचे उभे आहेत.