ताटानंतर मलप्रभा

श्रोतेहो, नमस्कार. तुमची पत्रं आम्ही वाचतो कशी, हे आज सांगावंसं वाटतं. एका पत्रात चार प्रश्न असतात. पहिल्याला हात लावताना जीव दडपतो, दुसरा निव्वळ माहितीचा असतो. दोन्ही एकाच आवाजात, काही मिनिटांत, एकापाठोपाठ सांगायचे असतात.

असं पत्र धरू. खानापूर तालुक्यातली एक ताई लिहिते : "१. बाबा जाऊन पाच महिने झाले. आई अजून रोज त्यांचं ताट वाढते. तिला थांबवू का? २. मलप्रभेचा उगम नेमका कुठे? मुलाला शाळेत विचारलंय."

पहिला मोह होतो क्रम बदलण्याचा. नदीचं आधी उरकावं, मग शांतपणे दुःखाकडे वळावं. मी तसं करत नाही. तिने जड गोष्ट आधी लिहिली आणि मग मुलाच्या अभ्यासाचा प्रश्न. घरात पोरगं अभ्यासाला बसतं, स्वयंपाक होतो, आणि त्याच घरात एक ताट जास्तीचं वाढलं जातं. तिचं जगणंच या क्रमाने चाललंय. तो मी का मोडू?

पहिल्या उत्तरात नुसता धीर दिला, तर पुढच्या प्रश्नाकडे वळणं हमखास कोरडं वाटतं. "काळ हेच औषध" म्हणून पान उलटलं की ऐकणाऱ्याला कळतं, यांना पुढं जायची घाई आहे. म्हणून उत्तर तिच्या हाताला लागेल असं हवं. मी म्हणेन : ताई, ताट थांबवू नका. गेलेल्या माणसाच्या सवयी काही काळ घरात राहतात, त्यात वावगं काही नाही. त्या वेळी आईजवळ जेवायला बसा, बाबांना काय आवडायचं ते तिला विचारा. मात्र ती स्वतः जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वर्षश्राद्धाची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

हे सांगून झालं की थांबायचं. स्टुडिओत दोन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, हात आपोआप बटणाकडे जातो. घरी ऐकणाऱ्याला ती लांब वाटत नाही. त्या वेळी वाजवायची सुरावट मी बंदच ठेवायला सांगते. प्रश्नमंजुषेची टुणटुण तिथं वाजली तर केलेलं सगळं फुकट. दोन्ही उत्तरं मी वेगवेगळ्या कागदांवर लिहिते. एकाच कागदावर असली की डोळा खालच्या ओळीकडे धावतो, आणि डोळा धावला की आवाजही धावतो. हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आता वळण. इथं दोन गोष्टी घात करतात. एक म्हणजे "असो" किंवा "बरं तर, आता काहीतरी हलकंफुलकं". म्हणजे मघाचं सगळं ओझं होतं, ते आम्ही उतरवलं! दुसरी म्हणजे ओढून आणलेला दुवा : डोळ्यांतल्या पाण्यावरून नदीच्या पाण्यावर. हे सुचतं तेव्हा फार छान वाटतं, म्हणूनच खोडावं.

मी सरळ म्हणते : "ताई, तुमच्या मुलासाठी तुम्ही दुसरं विचारलंय, मलप्रभेचा उगम कुठे." त्याच ताईचं नाव, तीच ओढ. आवाजही तोच. पहिलं वाक्य मघाच्याच पट्टीत, मग दोन-तीन वाक्यांत हळूहळू मोकळा. "तुमच्याच तालुक्यात, कणकुंबीला. तिथं माउलीचं देऊळ आहे. नदी तिथून निघून सौंदत्तीजवळून पुढं जाते आणि बागलकोट जिल्ह्यात कुडलसंगमला कृष्णेला मिळते. सुट्टीत मुलाला घेऊन जा, जमल्यास आईलाही." हे शेवटचं मी मुद्दाम घालते असं नाही, उगम त्यांच्याच तालुक्यात आहे म्हणून ते बोलता येतं. ती निपाणीची असती, तर गप्प बसले असते.

दुसरं उत्तर फार आखूड ठेवू नये. माहितीचा प्रश्न एका वाक्यात उडवला तर तो चेष्टेचा वाटतो. पण पहिल्याहून लांबवूही नये, नाहीतर नदीवर आमचं प्रेम जास्त, असं होईल.

पहिलं पत्र एकाचं आणि पुढचं दुसऱ्याचं असेल तर काम सोपं आहे. शांततेनंतर नव्या गावाचं नाव घ्यायचं, "आता चिकोडीहून", एवढ्याने ऐकणारा सावरतो. अवघड असतं ते एकाच पत्रातलं.

आणि एक. शेवटच्या हलक्या प्रश्नानंतर पुन्हा "ताई, धीर सोडू नका" म्हणत मागे फिरायचं नाही. तोवर ती बहुधा मुलाला कणकुंबी सांगत असेल. मी पुढचं पत्र उघडते.