नांगर थांबवला की पहिल्या वर्षी पीक का मार खातं

अथणीपासून खानापूरपर्यंतची मंडळी आलीत, तेव्हा लांबण न लावता सुरू करतो. न नांगरता पेरायचं आणि पाला रानातच ठेवायचा, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, करून बघणारेही इथं बरेच आहेत. तरी दुसऱ्या वर्षी बांधावर ट्रॅक्टर उभा राहतोच, तो का, ते मला आज सांगायचंय.

आमच्याकडं खोडवा फेब्रुवारीत तुटला, एकरात चारेक टन पाला पडला. पेटवला नाही. बुडखे फुटल्यावर मारले, मुळं जमिनीतच ठेवली, आणि जूनच्या पावसात ओळीपुरता पाला बाजूला सारून सोयाबीन टोकलं. तीन आठवड्यांत रान पिवळं! गल्लीतनं माणसं बघायला यायला लागली, मयताला येतात तशी, तोंडं पाडून. एक साहेबही आले, त्यांनी बांधावरनंच फोटो काढला, "पाल्यानं जमीन आंबली" म्हणाले आणि गेले. माझी खरी तक्रार इथं आहे. एवढ्या माणसांपैकी एकानंही रोप उपटून मूळ बघितलं नाही, आणि तो फोटो मात्र चार गावं फिरला. तो बघून किती जणांनी पुढच्या हंगामात काडी लावली असेल!

आंबलं काही नव्हतं. उसाच्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी, एका भागाला ऐंशी-शंभर भाग कर्ब. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना अंग वाढवायला नत्र लागतं, पाल्यात नाही म्हटल्यावर ते मातीतलं ओढतात आणि रोप तेवढे दिवस उपाशी राहतं. सोयाबीनच्या गाठी काम करायला लागल्या की पीक सावरतं. गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली की समजा सुरू झालं. शेजारी त्याच पाल्यात मका केला होता, त्याला गाठी नाहीत, तो बराच काळ पिवळा राहिला. म्हणून पाल्यावरचं पहिलं पीक शेंगवर्गातलंच घ्या, आणि ऊस तुटल्या तुटल्या, पाणी असेल तर, टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू कल्चर पाल्यावर टाकून भिजवा, म्हणजे जिवाणूंची भूक जूनच्या आधीच बरीचशी भागते.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. आणि जमिनीबद्दल बोलायचं तर अजून तसंच आहे! बरं, हिशोबच मांडतो.

एका एकराची वरची अर्धा फूट माती म्हणजे ठोकळ आठशे टन. सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर आठशे किलो कर्ब टिकला पाहिजे. चार टन पाल्यात कर्ब सोळाशे किलो, त्यातला बहुतेक हवेत जातो, दहावा हिस्सा टिकला धरा, म्हणजे एकशेसाठ. दर वर्षी एवढाच पाला पडला तरी पाच वर्षं, आणि मध्येच नांगरलं की साठलेलं पुन्हा उघडं पडून जळायला लागतं. रवाळ माती ह्याच कर्बावर, बुरशीच्या धाग्यांवर बांधली जाते. तोवर नांगराची पोकळी बसलेली असते आणि गांडुळांची, मुळांची भोकं झालेली नसतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जमीन उलट घट्ट लागते. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून ते जरा लवकर सुटतं.

तणाचं थोडक्यात सांगतो. नांगर बंद झाला की खोलवरचं बी वर येत नाही, वरचं उगवून, मुंग्या-किड्यांच्या तोंडी जाऊन संपत जातं, पण तणाला बी धरू दिलं नाही तरच. हराळी आणि लव्हाळा मात्र ह्यात वाढतात, पाल्याला ते जुमानत नाहीत, ते सुरू करायच्या आधीच मारा. पाला विरळ पडला असेल तर तिथून तण निघणारच.

उत्पन्नाचं म्हणाल तर 2015 साली 610 अभ्यास एकत्र करून जगभरचा आढावा छापून आला. नुसती नांगरट बंद केली तर उत्पन्न घटतं, पाला आणि बेवड सांभाळला तर घट बरीच भरून निघते, आणि कोरडवाहू कमी पावसात हे तिन्ही जमलं तर वाढतं. म्हणजे अथणीकडं फायदा आधी दिसेल. खानापूरच्या पावसात पाल्याखाली माती निथळत नाही, गोगलगायी कोवळं सोयाबीन खातात, तिथं ओळीवरचा पाला काढा आणि चर मोकळे ठेवा.

सगळं रान एकदम ह्यात घालू नका. अर्धा एकर घ्या, शेजारी नांगरलेला पट्टा ठेवा. दर मे महिन्यात दोन्हीकडचं वाळकं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात सोडा, एक लगेच विरघळून खाली बसतं, दुसरं किती वेळ टिकतं ते तारखेसकट वहीत लिहा.