निखाऱ्यांवरचे वांगे आणि मासा

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या शेतांमध्ये भरिताचे बेत सुरू होतात. आपल्याकडचे भरिताचे वांगे, म्हणजे फिकट हिरव्या सालीचे, पांढरट रेघांचे, हातात घेतल्यावर चांगले भरणारे वांगे, याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शेतात हे वांगे पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजतात. पण ज्यांच्याकडे शेत नाही, पऱ्हाट्या नाहीत, मात्र अंगणात किंवा गच्चीवर एक शेगडी आणि किलोभर लाकडी कोळसा आहे, त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लवकर विझतो, त्यामुळे तिथे माणसाला सतत हलत राहावे लागते आणि सवयीने हात बसतो. कोळशाचे काम निराळे आहे. तो संथ, एकसारखी धग देतो, पण ती धग केव्हा तयार झाली, किती आहे आणि तिच्यापासून पदार्थ किती दूर ठेवायचा, हे आपल्याला ओळखावे लागते. ते कसे ओळखायचे हे आपण एका वांग्याच्या आणि एका माशाच्या उदाहरणातून पाहू.

प्रथम कोळसा. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, लिंबाएवढ्या ते मुठीएवढ्या तुकड्यांचा कोळसा घ्यावा. चुरा असेल तर तो बाजूला काढावा, कारण चुऱ्यामुळे खालून येणारी हवा अडते आणि कोळसा धुमसत राहतो. पेटवण्यासाठी दोन-तीन तुराट्या किंवा गोवरीचा तुकडा पुरतो. रॉकेल ओतू नये, कारण त्याचा वास अर्धवट पेटलेल्या कोळशात टिकून राहतो आणि पुढे वांग्याच्या गरात उतरतो. कोळसे मध्यभागी ढिगासारखे रचून पेटवावेत. सर्व कोळसे पेटले म्हणजे मगच ते पसरावेत.

पेटल्यानंतरच्या अवस्था नीट पाहाव्यात. सुरुवातीला पिवळ्या ज्वाळा आणि दाट धूर दिसतो. लाकडाचा कोळसा होताना जे वायुरूप घटक त्यात उरलेले असतात, ते या वेळी जळत असतात. या धुरावर भाजलेला पदार्थ कडवट लागतो आणि त्याच्यावर काजळी धरते. त्यानंतर धूर कमी होतो, ज्वाळा आखूड आणि निळसर होतात, आणि कोळशाच्या कडा लाल दिसू लागतात. पुष्कळ जण इथेच जाळी ठेवतात, पण ही घाई होते, कारण वर लाल दिसणारा कोळसा खालून अजून काळा असतो आणि शेगडीच्या एका भागात धग फार, तर दुसऱ्या भागात काहीच नाही, अशी स्थिती असते. तिसऱ्या अवस्थेत ज्वाळा जवळजवळ नाहीशा होतात आणि बहुतेक कोळशांवर राखेचा पातळ, करडा थर येतो. हे निखारे तयार आहेत. साधारण पाऊण भागावर राख आली असेल तर काम सुरू करावे. वाऱ्याप्रमाणे आणि कोळशाच्या आकाराप्रमाणे याला वीस ते तीस मिनिटे लागतात.

दिवसा आणि रात्री ही खूण सारखी दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. उन्हात लाली दिसत नाही, करडी राखच दिसते, म्हणून निखारे विझले असे वाटून आपण उगाच नवा कोळसा घालतो. अंधारात याच्या उलट होते, अर्धा पेटलेला कोळसाही लालबुंद दिसतो. दिवसा राखेवर आणि रात्री राखेच्या आडून दिसणाऱ्या एकसारख्या लालीवर विश्वास ठेवावा. राख धग अडवतेही. निखारे मंद वाटू लागले की चिमट्याने हलकेच टिचकी मारून राख पाडावी, म्हणजे नवा कोळसा न घालताही धग वाढते.

आता धग किती आहे हे मोजायचे साधन म्हणजे आपला तळहात. पदार्थ ज्या उंचीवर राहणार आहे, बरोबर त्याच उंचीवर तळहात आडवा धरावा आणि एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन असे सावकाश मोजावे. प्रत्येक आकड्याला साधारण एक सेकंद जातो. दोन-तीन आकड्यांतच हात मागे घ्यावासा वाटला तर धग तीव्र आहे, चार-पाच आकडे सोसवले तर मध्यम आहे, आणि सात-आठपर्यंत हात टिकला तर मंद आहे. ज्वाळा दिसत असताना ही परीक्षा करू नये, आणि लांब बाही किंवा पदर आवरून मगच हात पुढे करावा. हाताच्या सोसण्यात माणसागणिक फरक असतो, पण आपल्याच हाताने दोन-चारदा मोजले की आपला आकडा आपल्याला कळतो.

अंतराबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. जाळी दोन बोटे वर उचलली की धग निम्मी होईल असे वाटते. लहान शेगडीत, जिथे निखारे वीतभर जागेतच आहेत, तिथे उंची वाढवली की धग लवकर कमी होते. पण निखाऱ्यांचा थर जाळीइतकाच रुंद असेल तर चारही बाजूंच्या निखाऱ्यांची धग पदार्थापर्यंत पोहोचतच असते, आणि दोन बोटांनी फारसा फरक पडत नाही. अशा वेळी जाळी हलवण्यापेक्षा निखारे हलवावेत. शेगडीच्या एका बाजूला निखाऱ्यांचा दाट थर करावा आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवावा. म्हणजे एकाच जाळीवर एक तीव्र धगीची आणि एक मंद धगीची जागा मिळते, आणि पदार्थ इकडून तिकडे सरकवून वेळ सांभाळता येते.

वांग्यापासून सुरुवात करू. साधारण अर्धा किलोचे, न चिरलेले, कीड नसलेले वांगे घ्यावे. त्याला तेलाचा हात पुसून लावावा आणि सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचावे. टोचले नाही तर आतली वाफ कोंडते आणि वांगे फुटून गर निखाऱ्यांवर सांडतो. जाळी निखाऱ्यांपासून चार-पाच बोटांवर असावी आणि त्या उंचीवर हात तीन-चार आकडे टिकावा. वांगे ठेवल्यावर पाच-सहा मिनिटांनी ते पाव वळण फिरवावे. असे चारही बाजूंनी केले की वीस ते पंचवीस मिनिटे होतात. साल सुरकुतते, काळी होते, वांगे मध्यभागी दबते आणि टोचलेल्या छिद्रांतून पाण्याचे बुडबुडे येतात. पण निर्णय देठाजवळच घ्यावा, कारण तिथे गर सर्वांत जाड आणि घट्ट असतो. देठाच्या खाली विणकामाची सुई किंवा पातळ सळई खुपसावी. ती कुठेही न अडता आत गेली तर वांगे शिजले.

जर आठ-दहा मिनिटांतच साल चोहीकडून काळी पडली आणि सळई अडत असेल, तर धग फार आहे आणि आतला गर अजून हिरवट, बियांचा कचकचीत राहिला आहे. असे वांगे तसेच ठेवून भाजत राहिले तर सालीखालचा गरही करपतो. त्याला विरळ निखाऱ्यांच्या बाजूला सरकवावे, वर पातेले उपडे घालावे आणि दहा मिनिटे ठेवावे. झाकणाखाली अडकलेली धग आतपर्यंत पोहोचते. उतरवल्यावरही वांगे पाच-सात मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे साल सुटते. सोलताना हात ओले करावेत, पण वांगे पाण्याखाली धुऊ नये. निखाऱ्यांचा खमंग वास सालीखालच्या थरात असतो आणि पाण्याबरोबर तोच आधी जातो. मग बडगीत घालून ठेचावे. पुढची हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात प्रत्येक घरची आपापली.

आता मासा. हतनूर धरणाचा किंवा नवापूरकडच्या उकाई जलाशयाचा मासा आपल्याकडच्या बाजारांत येतो, आणि अर्ध्या किलोची अख्खी चिलापी भाजण्यासाठी फार सोयीची आहे. वांगे जाड आणि पाण्याने भरलेले असते, म्हणून ते धग सोसते. माशाचे मांस मात्र थोड्याच उष्णतेने घट्ट होते आणि ती थोडीही जास्त झाली तर कोरडे पडते. म्हणून त्याला मध्यम धग हवी, म्हणजे जाळीच्या उंचीवर हात चार-पाच आकडे टिकावा. माशाला आतून-बाहेरून मीठ लावून वीस मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे आणि पाठीच्या जाड भागावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरप्या चिरा द्याव्यात. ओला मासा ठेवला तर आधी पाणी वाफ होण्यात वेळ जातो आणि कातडी जाळीला चिकटते. काळा मसाला, लसूण, हळद चिरांमध्ये भरावी. कातडीवरचा जाड थर पुसून टाकावा, कारण मासा शिजण्याआधीच मसाला जळून कडू होतो.

रिकामी जाळी पाच मिनिटे निखाऱ्यांवर तापवावी, घासून साफ करावी आणि तेलाच्या कापडाने पुसावी. मासा ठेवल्यावर सात-आठ मिनिटे त्याला हात लावू नये. सुरुवातीला तो चिकटलेला वाटतो, पण कातडी भाजून कडक झाली की ती आपोआप जाळी सोडते. उलथन्याने हलकेच उचलून पाहावे, न सुटल्यास आणखी एक मिनिट थांबावे. ओढून सुटवलेल्या माशाची कातडी जाळीवरच राहते. दुसरी बाजू पाच-सहा मिनिटांत होते. तेल किंवा चरबी निखाऱ्यांवर ठिबकून ज्वाळा उठल्या तर पाणी न मारता मासा विरळ बाजूला सरकवावा, कारण पाण्याने राख उडून माशावर बसते. शिजल्याची परीक्षा पाठीच्या मधल्या चिरेत करावी. मांस काचेसारखे पारदर्शक न राहता दुधासारखे पांढरे झाले असेल, काट्यापासून सहज सुटत असेल आणि काट्यालगत लाल रक्त दिसत नसेल, तर मासा उतरवावा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा ठेवू नये. त्याच्यात कृमी असू शकतात आणि पुरता शिजल्याने ते मरतात. अख्ख्या माशाऐवजी माशाचे तुकडे असतील तर अडीच सेंटीमीटर जाडीला दोन्ही बाजू मिळून साधारण दहा मिनिटे धरावीत.

दोन्ही पदार्थ एकाच शेगडीवर करायचे असतील तर वांगे आधी ठेवावे, ते तीव्र धगीचे काम आहे. ते उतरेपर्यंत निखारे उतरणीला लागलेले असतात आणि ती धग माशाला मानवते. मध्येच कोळसा घालायची वेळ आली तर तो थेट पदार्थाखाली घालू नये. कडेला पेटू द्यावा आणि राख धरल्यावर मध्ये ओढावा.

हे सर्व उघड्यावरच करावे. निखारे शांत, बिनधुराचे दिसतात, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघत राहतो, त्याला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. थंडी वाजते म्हणून उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी कधीही घरात आणून निजू नये. निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून बाहेर ठेवावेत. राखेखाली ते सकाळपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून राख कोरडा चारा किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ टाकण्यापूर्वी तिच्यात भरपूर पाणी घालून हाताने थंड झाल्याची खात्री करावी.